पडायला लागणारा वेळ

सोलापुरात लग्नाचा व्हिडिओ स्लो मोशनशिवाय झाला तर नवरीच्या मामाला तो स्वतःचा अपमान वाटतो. हळद उडते ती सावकाश, अक्षता पडतात त्या सावकाश, आणि व्याही एकमेकांच्या गळ्यात पडतात तेही इतक्या सावकाश की तोवर पंगतीतला भात गार व्हावा. अंकितानं चार वर्षं सात रस्ता चौकाजवळच्या राजसच्या स्टुडिओत हेच काम केलं होतं. गेल्या वर्षापासून मात्र कॅमेरा कमी आणि एआय जास्त झालं. काय दिसायला हवं ते लिहायचं, चार मिनिटं थांबायचं, की आठ सेकंदांचं हलतं चित्र तयार. लिहिण्याला प्रॉम्प्ट म्हणतात हे आता स्टुडिओच्या खालचा शिंपीसुद्धा सांगायचा. पण सवय कुठं जाते? अंकिताच्या प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी तिची बोटं आपोआप दोन शब्द लिहून मोकळी व्हायची: स्लो मोशन, सिनेमॅटिक.

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल रंगवण्याच्या एका कारखान्याचं काम आलं तेव्हाही ते दोन शब्द तिनं लिहिलेच. काम होतं सुरक्षेच्या फिल्मचं. रंगाचं घाण पाणी साठवायची जमिनीतली टाकी तळाचा गाळ काढायला वर्षातनं एकदा धुवावी लागते, आणि त्या गाळात विषारी वायू साठतो. टाकीत उतरायच्या आधी काय करायचं, कुणी पडलं तर काय करायचं, हे कामगारांना दाखवायचं होतं. सेफ्टी ऑफिसर कल्लप्पा बिराजदार अक्कलकोटकडचा, सरळ माणूस. त्याची अट एकच होती.

"फिल्ममध्ये एक अक्षर नको," तो म्हणाला होता. "आमच्याकडं मराठी आहेत, कानडी आहेत, तेलुगू आहेत. बोललेलं शेडच्या आवाजात ऐकू येत नाही आणि लिहिलेलं कुणी वाचत नाही. बघून कळलं पाहिजे."

अंकितानं बघून कळेल असं केलं. मोठा पंखा टाकीत हवा सोडतोय. एक माणूस उतरतो, चक्कर येऊन पडतो. जोडीदार पळत जाऊन मुखवटा आणि हवेची बाटली आणतो, घालतो आणि त्याला वर काढतो. पाच तुकडे, पस्तीस सेकंद. राजसनं टाळी दिली. कल्लप्पानं दोनदा बघून "एक नंबर" म्हटलं आणि गुरुवारी दुपारी ती फिल्म कामगारांच्या ग्रुपवर टाकून दिली.

त्याच ग्रुपवर कुंडलिक होते. अंकिताचे वडील.

मूळचं घर केम गावचं, तिथली शेती भावकीकडं. कुंडलिक बारा वर्षं त्या कारखान्यात ठेक्यानं गठ्ठे उचलायच्या कामावर होते, आणि टाकी धुवायची वेळ आली की उचलायची टोळीच त्यात उतरवतात हा तिथला जुना शिरस्ता. हे अंकिताला ठाऊक होतं. म्हणून तर तिनं ती फिल्म जास्तच जीव ओतून केली होती.

गुरुवारी संध्याकाळी बाळे भागातल्या घरी कुंडलिक चहा पीत मोबाईल हातात धरून बसले होते. फिल्म बहुतेक विसाव्यांदा चालली होती. वच्छला, अंकिताची आई, भाजी निवडता निवडता मान वर करून बघत होती.

"पोरीनं लई भारी केलंय," कुंडलिक म्हणाले. "आमच्या टोळीला एका दमात कळलं. उद्या दहा वाजता टाकी धुवायची हाय, आता कुणी भीत न्हाय."

"काय कळलं अण्णा?" अंकितानं सहज विचारलं. कौतुक ऐकायची भूक कुणाला नसते!

"पंखा घालायचा, जरा फिरू द्यायचा, आन् उतरायचं."

"जरा म्हणजे?"

"तू दाखवलाय तेवढा की. पाती फिरली, आत धूळ हलली, झालं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "आन् कुणी पडलाच तर मी हाय. ह्यो तुझा माणूस बघ. गुडघा वाकतोय, मग हात सुटतोय, मग मान. बसतोय का पडतोय! तेवढ्यात मी दोनदा धरीन त्याला. केमच्या हिरीतनं नामदेवचा पोरगा काढलाच होता का न्हाय?"

अंकितानं मोबाईल त्यांच्या हातातनं घेतला आणि फिल्म प्रथमच परक्या माणसासारखी बघितली.

पंख्याची पाती आळसावल्यासारखी फिरत होती, सोनेरी धूळ तरंगत होती, आणि सहा सेकंदांत चित्र बदलून माणूस शिडीवर. कारखान्याचा नियम तासभर हवा सोडायचा होता. तो तास कुठं होता? कल्लप्पाच्या डोक्यात होता, म्हणून त्याला फिल्ममध्येही दिसला. तिच्या वडिलांच्या डोक्यात तो नव्हताच. आणि ते पडणं! तो वायू दाट असला तर माणूस दोन श्वासांत दगडासारखा कोसळतो, असं कल्लप्पानं तिला स्वतः सांगितलं होतं. तिच्या पडद्यावर तो आठ सेकंद पडत होता. छान दिसत होतं. अगदी नवरी पायरी उतरावी तसं.

"अण्णा, हे चुकलंय," ती म्हणाली. "हे खऱ्या वेगाचं नाही. तासभर थांबायचं असतं. आणि कुणी पडलं तर त्याच्यामागं उतरायचंच नसतं, उतरणारा बी मरतो."

"व्हय व्हय," कुंडलिक म्हणाले. बाप लेकीला जसं व्हय व्हय म्हणतो तसं. "डोळ्यानं बघितलंय मी."

डोळ्यानं बघितलेल्या गोष्टीपुढं पोरीच्या शब्दाची काय मातब्बरी! ज्यानं तीस वर्षांपूर्वी एक जीव विहिरीतनं वर काढला त्याला "मदतीला जाऊ नका" हे तोंडी सांगून पटतच नाही. अंकितानं गच्चीवर जाऊन कल्लप्पाला फोन लावला. तो आधी हसला, मग त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काम पुढं ढकलता येईल का साहेब?"

"सोमवारी तपासणी आहे. एमआयडीसीतले निम्मे कारखाने या आठवड्यात टाक्याच धुतायत. पण घाबरू नको, उद्या टाकीवर मी स्वतः उभा राहणार आहे. तू सकाळी बदलून पाठव, कामाआधी टोळीला दाखवतो."

घाबरू नको म्हटल्यानं तिची भीती गेली नाही. पहाटे साडेपाचला कुंडलिक अंघोळीला गेले तेव्हाच तिनं स्कूटी काढली, आणि सहाला स्टुडिओचं शटर वर केलं.

पहिलं पडणं. तिनं जुन्या प्रॉम्प्टमधनं स्लो मोशन काढलं आणि चित्र मागवलं. चार मिनिटं. माणूस पुन्हा तरंगतच पडला! तिला आधी कळेना. मग लक्षात आलं की सिनेमॅटिक हा शब्द अजून तिथंच होता, आणि वेगाबद्दल काहीच सांगितलं नाही तर हे यंत्र आपल्या मनानं सावकाशच धावतं. त्याच्या पोटात असे कितीतरी देखणे, संथ व्हिडिओ भरलेले, तेच ते परत देतं. नको म्हणून भागत नाही, काय हवं ते सांगावं लागतं. तिनं सगळं पुसून नव्यानं लिहिलं: सामान्य वेग, खऱ्या वेळेत. साधा, स्थिर कॅमेरा. माणूस शिडीच्या पायथ्याशी उभा आहे, एक श्वास घेतो, दुसरा घेतो, आणि पाय काढून घेतल्यासारखा एका क्षणात कोसळतो. उरलेली सहा सेकंदं तो हलत नाही.

चार मिनिटांनी आलेलं चित्र बघून तिचा हात माऊसवरनं सुटला. माणूस होता, आणि नव्हता. मधलं काही नव्हतंच. वरच्या काठावर कुणी हात पुढं करेपर्यंत सगळं संपलेलं असणार. उरलेली सहा सेकंदं तो नुसता पडून होता, आणि तिला त्याच्या अंगातला शर्ट अण्णांच्या शर्टासारखा दिसायला लागला. शर्ट तिनंच लिहिला होता. निळा, चौकड्यांचा.

मग पंखा. इथं सावकाश नको होतं आणि खरा वेगही नको होता, कारण खऱ्या वेगाच्या आठ सेकंदांत आठच सेकंद मावतात. तास दाखवायचा तर वेळ पळवणारा टाइम-लॅप्स हवा. तिनं घाईत "पंख्याचा टाइम-लॅप्स" एवढंच लिहिलं, आणि यंत्रानं आभाळात ढग पळवले, कॅमेरा गरगर फिरवला, पण टाकीजवळची माणसं मात्र जागच्या जागी नुसती थरथरत ठेवली. सावल्या हलल्याच नाहीत. पुन्हा लिहिलं, कॅमेरा तिवईवर पक्का, शॉट एकच, भिंतीवर घड्याळ. घड्याळाचे काटे आधी पुढं गेले, मग मागं, मग तीन झाले. ते तिला आधीच माहीत असायला हवं होतं, घड्याळ त्या यंत्राला आजवर कधी जमलेलं नाही. खिडकीबाहेर दूधवाला येऊन गेला. साडेसात झाले होते.

तिसऱ्यांदा तिनं लिहिलं ते तिनं केमच्या अंगणात लहानपणी बघितलेलं होतं. कठड्याची सावली फरशीवरनं डावीकडनं उजवीकडं सरकते. दोन माणसं टाकीपासून लांब बसलीत, उठतात, पाणी पितात, पुन्हा बसतात. पंख्याची पाती दिसत नाहीत इतकी जोरात. उन्हाचा रंग बदलतो. कुणीही टाकीजवळ जात नाही. आणि घड्याळ तिनं शेवटी एडिटिंगमध्ये स्वतः चिकटवलं, मोठ्ठं, काटा एक पूर्ण फेरा मारेल असं. हा तुकडा आला तेव्हा प्रथमच वाट बघण्याचा कंटाळा पडद्यावर आला. वाट बघण्याचं चित्र कंटाळवाणंच असायला हवं, हे लग्नाच्या धंद्यात कोण शिकवतो?

राहिला तो जोडीदाराच्या पळण्याचा तुकडा. राजसचा लाडका. तो हायपरलॅप्स होता. टाइम-लॅप्समध्ये कॅमेरा एका जागी बसतो आणि वेळ पळते, हायपरलॅप्समध्ये कॅमेराही लांबचा पल्ला मारत पुढं जातो, म्हणजे वेळेबरोबर अंतरही गिळलं जातं. मंगल कार्यालयाच्या कमानीपासून स्टेजपर्यंत न्यायला झकास. इथं तो टाकीपासून शेडांच्या मधनं सुर्रकन सामानाच्या खोलीत गेला, मुखवटा घेतला आणि परत. सहा सेकंद. सावकाश पडणारा माणूस जमिनीला टेकायच्या आत जोडीदार मुखवटा घालून हजर! दोन तुकडे शेजारी लावल्यावर ती फिल्म सरळ खोटं सांगत होती की वेळ पुरतो, सामान लांब असलं तरी चालतं.

सामान्य वेगानं चालणं लिहून बघायला अर्थ नव्हता. आठ सेकंदांत दहा-बारा पावलं होतात, तो रस्ता कितीतरी मोठा होता. अंकितानं तो तुकडाच उडवला. त्याच्या जागी एक साधं चित्र ठेवलं: उतरायच्या आधीच टाकीच्या काठावर वायू मोजायचं मीटर, मुखवटा, बाटली आणि कमरेच्या पट्ट्याचा दोर, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि पडलेल्या माणसाला वरनं दोरानं ओढताना तीन माणसं, कुणीही आत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिनं नवी फिल्म कल्लप्पाला आणि अण्णांना पाठवली. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा आल्या. निळ्या होईनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अण्णांना फोन लावला, रिंग वाजून वाजून बंद पडली. आणि तेव्हा तिला आठवलं. रसायनांच्या शेडमुळं त्या कारखान्यात मोबाईल आत नेत नाहीत. सात वाजता शिफ्टला जाताना सगळे आपापला मोबाईल गेटवरच्या पेटीत ठेवतात. घरात बारा वर्षं हीच गोष्ट चालू होती, म्हणून तर अण्णांना दुपारी कधी फोन लागत नाही. ती फिल्म पेटीत पडली होती, आणि माणसांच्या डोळ्यांत कालचीच होती.

कल्लप्पाचा मोबाईल ऑफिसात असतो. त्यानं फोन कापला. मग ठरावीक मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. तिनं पुन्हा लावला, पुन्हा कापला.

त्यानंतर पुणे रोडवर तिनं स्कूटी कशी हाकली ते तिलाही पुढं आठवलं नाही. एवढंच आठवलं की उसाचे ट्रॅक्टर पुढं होते, आणि एकेका ट्रॉलीला ओलांडायला जो वेळ लागत होता तो संपत नव्हता. भीतीत माणसाला सगळं संथ दिसतं म्हणतात. खोटं आहे. सगळं त्याच्याच वेगानं चाललेलं असतं, आपणच पुरे पडत नाही.

गेटवर केराबाई होती, खाकी साडीतली पन्नाशीची पहारेकरीण. तिनं हात आडवा केला.

"मोबाईल पेटीत ठेव, वहीत नाव लिव, मग आत."

"मावशी, माझे वडील टाकीवर आहेत. कुंडलिक. मोबाईलच दाखवायचाय त्यांना."

"नियम हाय बाई."

अंकितानं वाद घातला नाही. तिनं मोबाईल केराबाईच्या डोळ्यांपुढं धरला आणि पडण्याचा तुकडा लावला. केराबाई वाकून बघत राहिली.

"हं. उभा हाय. मग?" ती म्हणाली. आणि लगेच, "अगं बाई, पडला? कवा पडला? मला दिसलाच न्हाय की!"

"कुणालाच दिसत नाही, मावशी."

केराबाईनं अडसर वर केला आणि स्वतःच पुढं पळत सुटली.

टाकी शेडांच्या मागं होती. पंखा चालू होता, त्याची फुगलेली पिवळी नळी टाकीच्या तोंडातनं आत गेली होती. काठावर सात माणसं. आठवा, गुरप्पा, छातीपर्यंत आत होता, शिडीच्या तिसऱ्या का चौथ्या पायरीवर. कमरेला दोर नव्हता. काठाशी गुडघे टेकून, हात खाली सोडून कुंडलिक बसले होते. धरायच्या तयारीत.

"गुरप्पामामा, वर या!" अंकिता किंचाळली.

सगळी डोकी वळली. कुंडलिक उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग राग. टोळीपुढं पोर किंचाळत येते म्हणजे काय!

"काय झालं? आईला काय झालं का?"

"आईला काही नाही. त्यांना वर घ्या आधी. पंखा कधी लावला?"

"झाली की धा मिनटं," गुरप्पा आतनंच म्हणाला. "वास बी गेला बघ. सकाळी अंडी कुजल्यावानी येत होता, आता काय न्हाय."

वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं, तो दाट झाला की नाकच बधिर होतं, हे कल्लप्पानं तिला सांगितलेलं. पण सांगून काही होत नाही हे ती कालच शिकली होती. तिनं मोबाईल पुढं केला.

"अण्णा, एवढं बघा. आठ सेकंद. मग काय हवं ते करा."

कदाचित केराबाई मागं छाती धरून धापा टाकत उभी होती म्हणून, कुंडलिकांनी मोबाईल घेतला. सहा माणसं त्यांच्या खांद्यावरनं वाकली. निळा चौकडीचा शर्ट. एक श्वास. दुसरा. आणि मग जमिनीवरचा माणूस, आणि सहा सेकंद काहीच नाही.

पंखा घोंगावत होता.

"परत लाव," कुंडलिक म्हणाले.

तिनं परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं, आणि या वेळी पडद्याकडं बघताना त्यांनी दुसरा हात काठावरनं पुढं नेला, धरायला. हात अर्ध्यावर असताना माणूस खाली होता. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. ते आपल्या हाताकडं बघत राहिले.

"हे कालचंच हाय?"

"तेच आहे. हा खरा वेग."

कुंडलिक वळले आणि टाकीत न बघताच ओरडले, "गुरप्पा! भाड्या, वर ये आधी!"

गुरप्पा वर आला. काठावर बसला तेव्हा त्याला कसनुसं झालं होतं, डोकं धरून तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात ऑफिसकडनं कल्लप्पा धावत आला, केराबाईनं जाता जाता कुणाला तरी पाठवलं होतं. मालकाकडं पाहुणे लवकर आले म्हणून तो अडकला होता. "मी आल्याशिवाय उतरू नका म्हटलं होतं," तो म्हणाला आणि त्यानं टोळीवरच्या सुपरवायझरकडं बघितलं. सुपरवायझर बाजूला सरकला. पंखा फिरला, धूळ हलली, मग उतरवलं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मीटर आणायला कुंडलिक स्वतः गेले. मोजत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "दोनशे साठ पावलं. जायला दोनशे साठ, यायला दोनशे साठ, आन् खोलीची चावी हुडकायला लागली ती येगळी."

कल्लप्पानं मीटर दोराला बांधून टाकीत सोडलं. तिसऱ्या पायरीपाशी ते गप्प होतं. पाचव्या पायरीपाशी एकदा वाजलं. तिथनं खाली ते असं किंचाळायला लागलं की माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली. वर ओढून त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघितला, तर आकडा नव्हताच. पाचशेच्या पुढं त्या यंत्राला मोजता येत नव्हतं, आणि शंभरालाच जीव धोक्यात असतो.

गुरप्पा त्या हवेपासून दोनच पायऱ्या वर होता.

कामं थांबली. नळी पार तळाशी सोडून पंखा पुन्हा चालू केला, आणि सगळे लांब, लिंबाच्या सावलीत बसले. खरा तास सुरू झाला. कुंडलिक अंकिताच्या शेजारी येऊन टेकले. बराच वेळ ते कठड्याच्या सावलीकडं बघत होते. सावली हलत होती, पण बसून बघितलं तर हलताना दिसत नव्हती.

"काल एवढं सावकाश का दाखवलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यानंच तिला जास्त लागलं.

"चांगलं दिसतं म्हणून, अण्णा."

त्यांनी मान हलवली. "लई चांगलं दिसत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, बक्कळ येळ हाय. मी उतरलोच असतो बघ. गुरप्पा पडला असता तर मी एक क्षण थांबलो नसतो."

तिला रडू फुटलं. आपल्या दोन शब्दांनी आपल्या बापाला त्या टाकीच्या काठावर आणून बसवलं होतं, हे तिला कुठल्याही पडद्याशिवाय स्पष्ट दिसत होतं. कुंडलिकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

कल्लप्पा मोबाईल घेऊन त्यांच्याकडं आला. चेहरा उतरलेला.

"अंकिता, एक सांगायचं राहिलं. कालची फिल्म मला लई आवडली होती. मी एमआयडीसीतल्या सेफ्टीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली." त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. खाली अंगठे होते, फुलं होती. सिदू म्हणून कुणी लिहिलं होतं, आमच्या टोळीला सकाळीच दाखवली, एकदम क्लिअर. "त्या ग्रुपवर अकरा कारखाने आहेत. नवी आत्ता टाकली, पण कुणी उघडली नाही अजून."

"ते सिदू कुठले?"

"रेल्वे लाइनच्या अलीकडं, शेवटच्या गल्लीत. त्यांची पण आज टाकी आहे."

अंकितानं सिदूचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली. वाजत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं एक लोखंडी पेटी आली, गेटवरची, आणि तिच्यात एकमेकांवर पडलेले वीस-पंचवीस मोबाईल, त्यातला एक थरथरत असलेला. तिनं पुन्हा लावला.

कुंडलिक उठून धोतर झटकत उभे राहिले. "फोननं हुतंय व्हय काय," ते म्हणाले. "गाडी काढ. साहेब, तुमी बाकीच्यांना लावत ऱ्हावा. गुरप्पा, तास झाल्याशिवाय आन् मीटर गप्प झाल्याशिवाय कुणी उतरला तर माझ्याशी गाठ हाय."

"हौदु," गुरप्पा कानडीत हो म्हणाला, अजून डोकं धरूनच.

गेटवर केराबाईनं अडसर आधीच वर करून ठेवला होता. कुंडलिक मागं बसले, एका हातात मोबाईल घट्ट धरून, तो तुकडा लावून तयार.

"किती लांब हाय गं?"

"दोन किलोमीटर असेल, अण्णा."

"म्हंजे पाच मिनटं." त्यांनी तिचा खांदा धरला. "त्यांनी पंखा कवा लावला असंल?"

अंकितानं गाडी सुसाट सोडली, आणि पुढचा रस्ता जेवढा होता तेवढाच लांब राहिला.